मित्राच्या निवेदनावर पेन्सिल चालवताना

माझा शाळेपासूनचा एक मित्र यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातील गावांमध्ये कापूस उत्पादकांसोबत काम करतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून कृषी पदवी घेतल्यावर त्याने एका संस्थेमार्फत गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणाचे काम स्वीकारले आणि काही हंगाम ते केल्यानंतर इंग्लंडमधील एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचे ठरवले. अर्जासोबत जास्तीत जास्त हजार शब्दांचे पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे स्वतःविषयीचे निवेदन, जोडायचे होते. मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे ते तपासण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. आमच्या भागात इंग्रजी येणाऱ्या माणसाच्या हाती कागद दिला की तो दुरुस्त होऊन, खरे तर बहुतेकदा नव्याने लिहूनच, परत यावा अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा पूर्ण न करता मदत कशी केली, ते इथे सांगत आहे. निवेदन इंग्रजीत होते. त्यातील वाक्ये मी मराठीत देत आहे.

मसुदा वाचण्यापूर्वी मी त्याच्याकडून अर्जाची बाकीची कागदपत्रे मागवून घेतली. गुणपत्रके, बायोडाटा, शिफारसपत्रे कोण देणार आहे याची माहिती आणि निवेदनात काय लिहावे याविषयी विद्यापीठाने दिलेली सूचना, एवढे माझ्यासमोर होते. हे आधी पाहण्याचे कारण साधे आहे. निवेदन वाचणाऱ्या प्राध्यापकाच्या हातात हे सगळे असणारच, तेव्हा पदवीचे वर्ष, टक्केवारी आणि प्रशिक्षणांची यादी निवेदनात पुन्हा लिहिली तर हजारांतील दीडदोनशे शब्द वाया जातात. सूचनेत तीन गोष्टी विचारल्या होत्या: हा विषय का, हाच अभ्यासक्रम का, आणि तुमच्या आजवरच्या कामातून त्यासाठी तुमची काय तयारी झाली आहे. त्या मी कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवल्या, कारण पुढे आमचे मतभेद झाले तेव्हा निवाडा माझ्या किंवा त्याच्या आवडीने न होता या तीन प्रश्नांनी होणे मला आवश्यक वाटत होते.

मसुदा त्याने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. दोन ओळींत भरपूर जागा आणि उजवीकडे रुंद समास ठेव, असे मी आधीच सांगितले होते. गुगल डॉक्समध्ये Suggesting नावाची सोय आहे, तिच्यात मी केलेला बदल त्याला एका टिचकीने स्वीकारता आला असता आणि तेवढ्यासाठीच मी ती टाळली. थकलेला माणूस रात्री अकरा वाजता सगळे बदल सरसकट स्वीकारतो आणि सकाळी त्याच्या नावावर दुसऱ्याची वाक्ये उभी असतात. कागदावर पेन्सिलने खूण केली तर प्रत्येक बदल त्याला स्वतः टंकावा लागतो, म्हणजे त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही शब्द आत येत नाही.

पहिले वाचन मी पेन्सिल बाजूला ठेवून केले. कागद उलटा करून त्याच्या पाठीवर, या माणसाविषयी मला आता काय आठवते, ते तीन ओळींत लिहिले. मी लिहिले होते: "शेतकऱ्याचा मुलगा. शेतकऱ्यांची तळमळ आहे. कुठेतरी कामगंध सापळ्यांचा उल्लेख होता." मित्राला मी दिलेला पहिला अभिप्राय हाच. लेखन चांगले की वाईट हे त्यात नव्हते. वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती काय उरते, एवढेच होते. त्याला पंधरा वर्षे ओळखणाऱ्या माणसाच्या हाती एवढेच उरत असेल, तर परक्या देशातील प्राध्यापकाच्या हाती काय उरेल, हे त्याला वेगळे सांगावे लागले नाही.

मसुद्याची सुरुवात अशी होती: "लहानपणापासून मला शेतीची आवड आहे. भारत हा कृषिप्रधान देश असून शेतकरी हा त्याचा कणा आहे. विदर्भातील शेतकऱ्यांच्या व्यथा पाहून मी अस्वस्थ झालो आणि या क्षेत्रात योगदान देण्याचा निश्चय केला." अर्ज भरून देणाऱ्या एका सल्लागाराने त्याला हा परिच्छेद "उठावदार" करून दिला होता. दुसऱ्या वाचनात मी पेन्सिल घेतली आणि दोनच प्रकारच्या खुणा केल्या. जे वाक्य कृषी पदवी घेतलेल्या कोणत्याही दुसऱ्या मुलाच्या अर्जात जसेच्या तसे बसेल आणि तिथेही खरे ठरेल, त्याच्याखाली नागमोडी रेघ. जे वाक्य फक्त याच्याच अर्जात शोभेल, त्याच्याखाली सरळ रेघ. ही कसोटी निर्दय असली तरी तिच्यात माझ्या अभिरुचीला फारसा वाव नसतो, म्हणून मला ती आवडते. पहिला परिच्छेद संपूर्ण नागमोडी झाला. संपूर्ण मसुद्यात सरळ रेघेची वाक्ये मोजकीच निघाली आणि त्यांतील सर्वांत चांगले चौथ्या परिच्छेदाच्या पोटात दडलेले होते: "मी 40 शेतकऱ्यांच्या शेतांत कामगंध सापळे बसवले, पहिल्या हंगामात मोजणीच्या पद्धतीत अडचण आल्याने ती बदलली."

या वाक्याच्या समासात मी लिहिले: "अडचण काय होती? तुला ती कशी कळली?" पहिल्या परिच्छेदाच्या समासात: "यांतले कोणते वाक्य तू मला चहा पिताना बोलशील?" अभ्यासक्रमाच्या परिच्छेदात, जिथे विद्यापीठाच्या जागतिक लौकिकाची स्तुती होती, तिथे: "हे त्यांना माहीत आहे. तुला तिथे नेमके काय शिकायचे आहे?" समासात मी केवळ प्रश्नच लिहायचे, पर्यायी वाक्य लिहायचे नाही, असे मनाशी पक्के केले होते. इंग्रजी शिकवणाऱ्याला हे अवघड जाते. बरे वाक्य डोक्यात तयार असते आणि हात शिवशिवत असतो. परंतु एकदा मी वाक्य लिहून दिले की मित्र ते आदराने उचलतो, त्याच्या शेजारचे स्वतःचे वाक्य त्याला फिके वाटू लागते, मग तेही तो मला विचारून बदलतो, आणि दोनतीन फेऱ्यांत सगळ्या निवेदनाला माझ्या वर्गातील निबंधाचा वास येऊ लागतो. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावे लागते आणि उत्तर त्याच्याकडेच असते.

त्या उत्तरासाठी त्याला लिहायला न लावता बोलायला लावायचे ठरवले. वेचणीचे दिवस होते. त्याच्या घराच्या ओसरीत कापसाचा ढीग लागलेला होता आणि बसायला कडेची तेवढी जागा होती. इंग्रजीचे नावही काढू नकोस, सापळ्यांचे काय झाले ते सांग, असे म्हणून मी वही उघडली. तो सांगू लागला:

"मी त्याईले सांगतलं होतं का एका सापळ्यात आठ पाखरं सापडले, आन असं तीन रात्री झालं, तं फवारा लागते. मंग काय, ज्याच्या खिशात पैसे नाई तो सात लिवे. आन ज्याले दुकानदार उधारीत औषध दे, तो नऊ लिवे. सापळ्यात किती हायेत हे कोनी पाहेच ना."

इथे थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे बाहेरून ती दिसत नाही आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मादीच्या गंधासारखी गोळी लावलेल्या कामगंध सापळ्यात नर पतंग किती सापडतात यावरून प्रादुर्भावाचा अंदाज बांधतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग ही फवारणीचा विचार करण्याची सर्वमान्य पातळी आहे. माझ्या मित्राने शेतकऱ्यांना वह्या दिल्या होत्या आणि रोजचा आकडा लिहायला सांगितला होता. हंगामाच्या मध्यावर वह्या गोळा केल्यावर त्याला दिसले की कित्येक पानांवर ओळीने सात, सात, सात असेच लिहिलेले आहे, तेही एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहावे तसे. आकडा ज्या निर्णयाला जन्म देतो, तो निर्णय मोजणाऱ्याने आधीच घेतलेला होता आणि आकडा त्याला जुळवून लिहिला जात होता.

पुढच्या हंगामात त्याने वह्या बंद केल्या. सापळ्याच्या थैलीत रात्री सापडलेले पतंग सकाळी वर्तमानपत्राच्या पुडीत बांधायचे, पुडीवर तारीख घालायची आणि पुड्या डब्यात टाकायच्या, एवढेच काम शेतकऱ्याकडे ठेवले; मोजणी तो स्वतः गावात आला की सर्वांसमोर पुड्या उघडून करत असे. त्यामुळे आकडे विश्वासार्ह झाले, पण मोजणी दोनतीन दिवसांनी मागे पडू लागली आणि चाळीस शेतांपलीकडे ही पद्धत नेणे एका माणसाला शक्य नव्हते, हेही त्याने आपण होऊनच सांगितले.

हे सगळे "मोजणीच्या पद्धतीत अडचण आल्याने ती बदलली" या अर्ध्या वाक्यात मावले होते! मी त्याला विचारले की हे का लिहिले नाहीस. त्याचे म्हणणे असे की अर्जात अपयश कसे लिहायचे, आणि शिवाय यात शेतकरी खोटे लिहितात असा अर्थ निघतो. दुसरी शंका मला महत्त्वाची वाटली, कारण ती लेखनाची नसून त्याच्या निष्ठेची होती. मी एवढेच विचारले की तुला ते खोटे वाटते का. तो म्हणाला, "खोटं नाई बे. त्याईचा हिशोब वेगळा हाय." मग तोच हिशोब लिही, असे मी म्हटले आणि त्याच्या तोंडचे जे शब्द वहीत उतरवले होते ती पाने फाडून त्याच्याकडे दिली. त्यांचे इंग्रजी मी केले नाही.

दुसरा मसुदा आला तो सोळाशे शब्दांचा होता. माणूस त्यात दिसत होता; मात्र क्रम बिघडला होता आणि मर्यादा तर कधीच ओलांडली होती. या टप्प्यावर मदत करणाऱ्याकडून सर्वाधिक नुकसान होते असे माझे निरीक्षण आहे. कापायला बसलेला परका माणूस पहिल्यांदा नेमके तेच कापतो जे त्याला विचित्र वाटते, आणि विचित्र वाटते ते बहुधा लिहिणाऱ्याचे स्वतःचे असते. गुळगुळीत, ओळखीची वाक्ये कुठेच टोचत नाहीत म्हणून शिल्लक राहतात. त्यामुळे कापायची जागा मी दाखवली नाही. प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला, सूचनेतील तीन प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर यात आहे, तो क्रमांक त्यानेच लिहावा असे सुचवले. ज्याच्यापुढे क्रमांक लिहिता आला नाही असा महाविद्यालयातील स्नेहसंमेलनाचा आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा भाग त्याने स्वतः काढला. ज्या तीन परिच्छेदांना एकच क्रमांक पडला ते त्याने एकत्र केले. राहिलेले दोनेकशे शब्द वाक्यावाक्यातून कमी झाले. त्या कामात मी हात लावला तो फक्त दोनदा सांगितलेल्या गोष्टी दाखवण्यापुरता.

सुरुवात कोणती असावी यावर मात्र बरेच बोलणे झाले. सल्लागाराने त्याला सांगितले होते की विदर्भाचा अर्ज आहे तर शेतकरी आत्महत्यांची आकडेवारी सुरुवातीलाच द्यावी, आणि 2017 सालच्या विषबाधेचा उल्लेख तर हवाच. त्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कित्येक शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली आणि त्यांतले काही दगावले, हे इथे कोणाला सांगायला नको. त्याच हंगामात बोंडअळीनेही कापूस खाल्ला होता. माझ्या मित्राच्या मसुद्यात यावर वर्तमानपत्राच्या भाषेतील एक परिच्छेद होता. तो ठेव किंवा काढ असे म्हणण्याचा मला अधिकार वाटला नाही. मी एवढेच विचारले की तेव्हा तू कुठे होतास. तो तेव्हा अकोल्याला पहिल्या वर्षाला होता आणि सुटीत घरी आला होता. "त्या वर्षी पऱ्हाटी बाबाच्या डोक्याच्यावर गेली होती. फवारा वर मारा लागे, आन तो तोंडावर पडे." वडिलांना त्रास झाला नव्हता, तो शेजारच्या वावरातील मजुराला झाला होता.

दुसरा प्रश्न मी जरा थांबून विचारला: मुलाखतीत एखाद्या अनोळखी माणसाने याविषयी पुढे विचारले, तर तुला बोलायची इच्छा आहे का? दुःखाची गोष्ट निवेदनात असावी की नाही, याचा निर्णय वाचकावर होणाऱ्या परिणामावरून करू नये. ती गोष्ट सांगणाऱ्याची आहे का आणि तिच्यामुळे पुढचे काही कळते का, यावरून करावा, असे माझे मत आहे. त्याने दोन दिवस विचार केला आणि परिच्छेदाच्या जागी दोन वाक्ये ठेवली: त्या वर्षी कपाशी माझ्या वडिलांपेक्षा उंच वाढली होती आणि फवारा वर धरावा लागत असे, त्यामुळे तो अंगावर पडत असे. अनावश्यक फवारणी म्हणजे काय हे मी तिथे पहिल्यांदा पाहिले. आकडेवारी गेली, मजुराचा उल्लेख त्याने ठेवला नाही, आणि का ठेवला नाही हे मी विचारले नाही. या दोन वाक्यांवरून तो थेट सापळ्यांच्या वह्यांवर आला. त्यामुळे "लहानपणापासून आवड" वगैरे म्हणण्याची गरजच उरली नाही. हा विषय का, याचे उत्तर त्यातच आले होते.

अभ्यासक्रमाविषयीचा परिच्छेद तुलनेने सहज सुटला, कारण तिथे आवाजाचा प्रश्न नव्हता, माहितीचा होता. त्याने संकेतस्थळावरील अभ्यासक्रमाचे घटक पुन्हा नीट वाचले आणि किडींच्या सर्वेक्षणातील नमुने कसे घ्यावेत आणि त्यावरून निर्णय कसा घ्यावा, हा घटक त्याच्या वह्यांच्या प्रश्नाशी जोडला: ज्याला फवारणीचा खर्च सोसायचा आहे तोच मोजणी करत असेल, तर मोजणीची पद्धत कशी असावी? प्रबंधासाठी त्याला हाच प्रश्न घ्यायचा होता आणि तोवर त्याने तो कुठेच लिहिला नव्हता. विद्यापीठाच्या लौकिकावरील तीन ओळी गेल्या. त्याच्या जागी एक प्रश्न आला. माझ्या दृष्टीने निवेदन तिथे उभे राहिले.

भाषेला मी सर्वांत शेवटी हात घातला, आणि तोही सावधपणे. मजकूर ठरण्याआधी व्याकरण दुरुस्त करण्यात दुहेरी तोटा असतो. उद्या जे वाक्य जाणार आहे त्यावर श्रम होतात आणि दुरुस्त झालेले वाक्य काढायला लिहिणारा तयार होत नाही. त्याच्या इंग्रजीत मला खटकणाऱ्या जागा पुष्कळ होत्या, पण त्या सगळ्या एका जातीच्या नव्हत्या. काही ठिकाणी अर्थच बदलत होता: काळ चुकल्यामुळे पुड्यांची पद्धत त्याने सुरू केली की अजून सुरू करायची आहे हे कळत नव्हते, आणि एका जागी "शेतकऱ्यांनी मला शिकवले" ऐवजी उलटाच अर्थ निघत होता. या चुका मी सरळ दाखवल्या, कारण त्या दुरुस्त न करणे म्हणजे मदतच न करणे झाले असते. काही ठिकाणी उपपदे गळाली होती किंवा शब्दयोगी अव्ययाची जागा चुकली होती. अर्थ कळत होता, पण वाचक अडखळला असता. तिथे मी फक्त टिंब दिले आणि चूक त्याने शोधली. अगदीच सापडली नाही तिथे सांगितली.

यानंतर ज्या जागा राहतात त्यांतच लिहिणाऱ्याचा आवाज असतो. व्याकरणाने त्या शुद्ध असतात, पण मी तसे लिहिले नसते. माझा मित्र लहान वाक्ये लिहितो. "मी वह्या उघडल्या. सगळीकडे सात होते. मी पुन्हा मोजले." मी असतो तर हे एका लांब वाक्यात गुंफले असते आणि विद्यार्थ्यांनाही तसेच शिकवतो. पण तो बोलतोही असाच, एक गोष्ट ठेवून मग दुसरी ठेवतो, आणि वह्यांचा प्रसंग या चालीत जास्त स्पष्ट होत होता. आमच्या वर्गात ज्या जोडशब्दांना आम्ही गुण देतो, "शिवाय", "तद्वतच", "परिणामी" या धाटणीचे इंग्रजी शब्द, ते त्याच्या पहिल्या मसुद्यात सल्लागाराने पेरले होते. ते आता आपोआप गळाले होते आणि मी ते परत घातले नाहीत. शेतकऱ्यांचा उल्लेख तो "लाभार्थी" या अर्थाच्या शब्दाने न करता "मी ज्यांच्या शेतात जातो ते लोक" असा करतो. तोही तसाच राहिला, शब्द चार जास्त लागले तरी.

एका वाक्यावर मात्र मी अडून बसलो. बोलताना तो म्हणाला होता, "पाखरू रात्री येते आन साहेब अकरा वाजता." हे त्याने जसेच्या तसे इंग्रजीत आणून तिसऱ्या परिच्छेदात ठेवले होते. वाक्य त्याचेच होते, सरळ रेघेचे होते, मला हसूही आले होते. माझी शंका वेगळी होती. शिफारसपत्र देणारे गृहस्थ त्याचे कार्यालयातील वरिष्ठ होते आणि परदेशातील वाचकाला हा टोमणा कोणाला आहे हे कळणार नव्हते. तो उगाच दुसऱ्यावर ठपका ठेवणारा उमेदवार दिसला असता. वाक्य काढ असे मी म्हटले नाही. समासात "साहेब कोण?" एवढेच लिहिले. तो दुसऱ्या दिवशी आला तेव्हा वाक्य असे झाले होते: पतंग रात्री येतो आणि मी अकरा वाजता पोचत असे. मला हे सुचले नसते. टोमणा स्वतःकडे वळवल्यामुळे त्याची तिरकस चाल शाबूत राहिली, आणि पुड्यांची पद्धत का लागली याचे कारणही त्याच वाक्यात आले, कारण सकाळी सापळ्यापाशी शेतकरी असतो, सर्वेक्षक नसतो.

शेवटची तपासणी आम्ही कानाने केली. तो मोठ्याने वाचत होता आणि माझ्याजवळ दुसरी प्रत होती. जिथे तो अडखळला, जिथे त्याचा आवाज वर्गात धडा वाचल्यासारखा झाला, तिथे मी खूण करत गेलो. वाचणाऱ्याला मधेच थांबवायचे नाही, हे पाळले. अशा जागा थोड्याच निघाल्या. त्यांपैकी एका ठिकाणी "बहुआयामी दृष्टिकोन" या अर्थाचा इंग्रजी शब्द आला होता. तो वाचून तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, "अबे, हे तं मी बोलतच नाई." तो शब्द सल्लागाराच्या मसुद्यातून कसा कोण जाणे टिकून राहिला होता. दुसऱ्या एका जागी मी विचारलेल्या प्रश्नाची भाषा त्याच्या उत्तरात उतरली होती, म्हणजे वाक्य माझ्या चालीचे झाले होते. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीलाही ही मर्यादा आहे. वाक्य न देताही आपली शब्दकळा समासातून झिरपते. ते वाक्य त्याने कागद न पाहता पुन्हा सांगितले आणि जसे सांगितले तसे लिहिले.

याच वाचनात मी आणखी एक गोष्ट पडताळली. प्रत्येक विधानावर मुलाखतीत एक उपप्रश्न आला तर त्याला उत्तर देता येईल का? "बहुतेक वह्यांत" असे त्याने लिहिले होते. बहुतेक म्हणजे किती, असे विचारल्यावर त्याने वह्या काढल्या आणि मोजल्या: ओळीने एकच आकडा असलेल्या वह्या 40 पैकी 17 निघाल्या. बहुतेक हा शब्द गेला आणि 17 हा आकडा आला. विधान आधीपेक्षा लहान झाले, पण ते विचारणाऱ्यासमोर टिकणारे होते. खोट्या मोजणीविषयी लिहिणाऱ्याच्या निवेदनात अंदाजाचा आकडा राहिला असता तर ते फारच विपरीत झाले असते.

दोन गोष्टींत त्याने माझे ऐकले नाही. परत येऊन विदर्भात काय करणार आहे यावर शेवटी एक परिच्छेद असावा असे मला वाटत होते. अशा अर्जांत तो अनेकदा अपेक्षित असतो. सूचनेत तसे विचारलेले नाही, हे त्याने माझ्याच कागदाच्या डोक्यावरील तीन प्रश्नांकडे बोट दाखवून सांगितले, आणि मोजणीच्या प्रश्नावरच निवेदन संपवले. मला तो शेवट अजूनही थोडा तुटक वाटतो. दुसरे म्हणजे पुड्यांची पद्धत चाळीस शेतांपलीकडे गेली नाही हे वाक्य मला मधल्या परिच्छेदात हवे होते, त्याने ते शेवटाजवळ ठेवले, कारण त्याच्या मते पुढे शिकायचे कारण तेच होते. दोन्ही जागी माझी पेन्सिलीची खूण त्याच्या प्रतीवर तशीच आहे आणि निवेदन त्याच्या म्हणण्याप्रमाणे गेले.

पाठवण्याच्या रात्री शब्दसंख्या नऊशे ऐंशीच्या घरात होती. फाइलचे नाव, अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव आणि पृष्ठक्रमांक एवढेच पाहायचे बाकी होते. त्याने दुसऱ्याही एका विद्यापीठासाठी याच निवेदनाची प्रत तयार केली होती आणि तिच्यावरून परत उचललेल्या एका वाक्यात त्या दुसऱ्या विद्यापीठाचे नाव राहून गेले होते. मी ते गोल केले, त्याने बदलले आणि विजेचा भरवसा नसल्याने मोबाइलच्या इंटरनेटवरून अर्ज लगेच पाठवून दिला.